दोन्ही जनकांचा मसावि 1 असूनही टॉर्शन कुठून येतं?

प्रश्न: Z³ ला (1,2,3) आणि (3,2,1) यांनी तयार झालेल्या N ने भागायचं आहे. दोन्हींतल्या आकड्यांचा मसावि 1, म्हणून मी टॉर्शन शून्य लिहिलं. उत्तरात Z ⊕ Z/4 दिलंय. हा 4 आला कुठून? आणि साध्या अबेलियन ग्रुपला मॉड्यूल म्हणून काय मिळतं?

उत्तर: मीही पहिल्यांदा हेच लिहून गुण घालवले होते. मसावि एकेका जनकाचा बघून चालत नाही, कारण N मध्ये त्यांच्या बेरजा-वजाबाक्याही असतात. हे दोन नुसते मिळवून बघा: (4,4,4). म्हणजे 4·(1,1,1) N मध्ये आहे. मग (1,1,1) स्वतः आहे का? k(1,1,1) = a(1,2,3) + b(3,2,1) असं मांडलं, तर पहिला आणि तिसरा घटक सारखे असल्याने a = b आणि मग k = 4a. त्यामुळे (1,1,1) N मध्ये नाही, आणि क्वोशंटमध्ये त्याच्या वर्गाची कोटी बरोबर 4 आहे.

मॉड्यूल म्हणण्याचा फायदा इथेच दिसतो. n·g म्हणजे g ची n वेळा बेरीज. यात निवडीला वावच नाही, त्यामुळे प्रत्येक अबेलियन ग्रुप आपोआप Z-मॉड्यूल होतो आणि 'सांत कोटीचा घटक' म्हणजेच टॉर्शन घटक. क्वोशंटमध्ये v चा वर्ग टॉर्शन असण्याचा अर्थ एवढाच की v ची एखादी शून्येतर पट N मध्ये पडते. म्हणजे v हा N च्या परिमेय पसाऱ्यात, इथे x − 2y + z = 0 या प्रतलात, असला पाहिजे. त्या प्रतलातले सगळे पूर्णांक बिंदू S म्हणा. टॉर्शन सबमॉड्यूल म्हणजे S/N.

आता S साठी पाया शोधा. u = (1,1,1) आणि w = (0,1,2) घेतले की काम होतं: प्रतलातला कोणताही (x,y,z) हा xu + (y−x)w असतो. जनक होतात u + w आणि 3u − w. क्वोशंटमध्ये पहिल्यामुळे w = −u, दुसऱ्यामुळे 4u = 0. म्हणून S/N ≅ Z/4, जनक u चा वर्ग. उरलेला Z येतो (x,y,z) ↦ x − 2y + z या आच्छादक चित्रणातून, ज्याचं केर्नल S आहे.

पडताळा घ्यायचा तर जनकांच्या 2×3 सारणीचे 2×2 निश्चयक काढा: −4, −8, −4. मसावि 4, आणि तोच टॉर्शनचा आकार. पण आकारावरून रचना ठरत नाही. Z² ला (2,0) आणि (0,2) ने भागलं तरी निश्चयक 4 च येतो, टॉर्शन मात्र Z/2 ⊕ Z/2 असतं. तिथे सारणीतल्या सगळ्या आकड्यांचा मसावि 2 आहे, तुमच्या उदाहरणात तो 1 आहे. त्यामुळेच तुमचा 4 एकसंध राहतो.