गणित शिक्षकाच्या मुलाखतीसाठी पहिली गुणपत्रिका

मॅडम, पहिल्याच वेळी वीस प्रश्न काढू नका, पाच पुरेत. मात्र ते सगळ्या उमेदवारांना त्याच क्रमाने, त्याच शब्दांत विचारा. "स्वतःबद्दल सांगा"ने सुरुवात केलीत, तर छान बोलणारा तिथेच बाजी मारतो आणि शिकवण्याबद्दल काहीच कळत नाही.

प्रश्न वर्गातला हवा. सहावीसाठी मी हा विचारते: "मुलाने १/२ + १/३ = २/५ लिहिलंय. तुम्ही काय कराल?" गुण कशाला द्यायचे, ते आधीच पत्रिकेवर लिहून ठेवायचं:

- १ गुण: फक्त बरोबर रीत सांगितली.
- ३ गुण: मुलाने अंश-अंश, छेद-छेद मिळवले हे ओळखलं.
- ५ गुण: चूक त्याची त्यालाच दिसेल असं काही केलं. उदाहरणार्थ, "२/५ तर अर्ध्यापेक्षा कमी आहे, मग अर्ध्यात भर घालून उत्तर घटलं कसं?" असं विचारलं.

मधल्या उत्तराला २ किंवा ४. हे वर्णन नसेल तर एकाचे ३ म्हणजे दुसऱ्याचे ५ होतात.

नवख्या समितीची नेहमीची चूक म्हणजे उमेदवार बाहेर पडताच चर्चा सुरू होते आणि अध्यक्षांचं मत सगळ्यांच्या कागदावर उतरतं. आधी प्रत्येकाने गप्प बसून गुण आणि उमेदवाराच्या उत्तरातलं एक वाक्य लिहावं. मग कागद समोर ठेवा. दोन किंवा अधिक गुणांचा फरक असेल तेवढ्याच प्रश्नावर बोला.

प्रश्नाप्रश्नाला कमी-जास्त भारांक वगैरे सध्या नकोच. उमेदवाराकडून नमुना पाठ मात्र घ्या, त्याचे गुण वेगळ्या पत्रिकेवर.