पापणी लवते की नाही यापेक्षा कधी लवते ते बघा

प्रश्न: «टोन आणि डोळ्यावर हवेचा पफ जोडीने देत राहिलं की ससा टोन ऐकूनच पापणी मिटायला शिकतो. लहान मेंदूच्या आत खोलवर असलेला इंटरपॉझिटस न्यूक्लिअस बंद पाडला की ही शिकलेली पापणी-मिट जाते. मग आठवण तिथेच असते ना? लहान मेंदूच्या कॉर्टेक्समधल्या, म्हणजे वरच्या थरातल्या पर्किंजे पेशींना एवढं महत्त्व का देतात?»

नाही, तेवढ्यावरून ती «तिथेच» आहे असं ठरत नाही. हा निष्कर्ष मला फार खटकतो, कारण त्यात दोन वेगळे प्रश्न एकत्र कालवलेले असतात. टोन ऐकून पापणी मिटायची हा एक, आणि नेमकी केव्हा मिटायची हा दुसरा.

पहिल्या प्रश्नापुरतं तुमचं निम्मं बरोबर आहे. 1993 साली क्रुपा आणि थॉम्प्सन यांनी प्रशिक्षण चालू असताना इंटरपॉझिटसच्या भागात मसिमॉल हे पेशी गप्प करणारं औषध सोडलं. औषध उतरल्यावर ससे पाटी कोरी असल्यासारखे पहिल्यापासून शिकले. रेड न्यूक्लिअस बंद ठेवून शिकवलेले ससे मात्र औषध उतरताच शिकलेली पापणी-मिट दाखवू लागले. म्हणजे रेड न्यूक्लिअस ही नुसती बाहेर जायची वाट आहे, आणि शिकणं त्याच्या अलीकडे घडतं. पण «अलीकडे» म्हणजे न्यूक्लिअसच, असं या प्रयोगातून निघत नाही. पर्किंजे पेशी असलेल्या त्या कॉर्टेक्समधून येणारा सगळा हुकूम न्यूक्लिअसमधूनच पुढे जातो. शिवाय मसिमॉल थोडं वरच्या कॉर्टेक्सकडे पसरतंच.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर मसिमॉलने नव्हे, पिक्रोटॉक्सिनने मिळतं. गार्सिया आणि मॉक यांचं 1998 चं काम याच वळणाचं आहे. पर्किंजे पेशी न्यूक्लिअसला फक्त दाबून ठेवते. तो दाब गाबा या रासायनिक निरोप्यामार्फत पडतो, आणि पिक्रोटॉक्सिन गाबाची वाहिनी अडवतं. त्यामुळे न्यूक्लिअस जिवंत राहतो, मॉसी तंतूंमधून टोनची खबरही त्याच्यापर्यंत पोचते, फक्त डोक्यावरचा पर्किंजेचा हात उठतो.

आता एक उदाहरण घ्या. टोन सुरू झाल्यापासून 500 मिलीसेकंदांनी डोळ्यावर हवेचा पफ येतो. नीट शिकलेला ससा साधारण निम्मा वेळ सरल्यावर पापणी मिटायला लागतो आणि पफच्या क्षणाला ती जवळजवळ पूर्ण मिटलेली असते. पिक्रोटॉक्सिन दिल्यावर तोच ससा टोन लागल्या लागल्या, 100 मिलीसेकंदांच्या आतच पापणी हलवतो. पफ येईपर्यंत ती पुन्हा उघडायला लागलेली असू शकते. न शिकलेल्या सशात हे दिसत नाही. म्हणून टोन आणि पापणी यांचा काही संबंध न्यूक्लिअसमध्येही जुळलेला असतो हे मान्य करावं लागतं. पण वेळ तिथे नाही. वेळ पर्किंजेकडे आहे: शिकलेल्या प्राण्यात टोनच्या काळात तिचे साधे स्पाइक, म्हणजे विजेचे नेहमीचे ठोके, हळूहळू कमी होत जातात आणि पफच्या सुमारास जवळपास थांबतात. तेवढ्यापुरता ब्रेक सुटतो आणि न्यूक्लिअस पापणी मिटवतो.

आणखी एक पुरावा मला सगळ्यात पटतो. पफशिवाय नुसता टोन वारंवार ऐकवून सवय मोडली, तरी पिक्रोटॉक्सिन दिलं की ती लवकर येणारी हालचाल बाहेर पडते. म्हणजे वरून दाब परत आला, खालचं पुसलं गेलं नाही. दुसऱ्यांदा शिकवताना प्राणी भराभर शिकतो त्याचं एक कारण हेच.

तुम्ही स्वतः असा डेटा बघत असाल तर कृपा करून «इतके टक्के प्रतिसाद» एवढाच आकडा काढू नका. वरच्या उदाहरणात औषधाआधी आणि नंतर टक्केवारी सारखी येऊ शकते आणि खरा फरक त्या आकड्यात बुडून जातो. अधूनमधून पफ न देता नुसता टोन द्या, म्हणजे पापणीचा पूर्ण आलेख मिळतो, आणि हालचाल सुरू व्हायची वेळ वेगळी मोजा. टोनला दचकूनही टोन लागल्या लागल्या पापणी हलते, म्हणून प्रशिक्षणाआधीचं नुसत्या टोनचं रेकॉर्डिंग हवंच. औषध जास्त झालं तर न्यूक्लिअस आपणहून पेटतो आणि पापणी टोनआधीच अर्धवट मिटलेली दिसते. टोनपूर्वीचे 200 मिलीसेकंद तपासा आणि तिथे रेघ सपाट नसेल तर ती फेरी टाकून द्या.

हे सगळं टोन आणि पफ एकमेकांवर चढतात त्या प्रकाराला लागू आहे. दोघांत मोठी रिकामी जागा ठेवली तर हिप्पोकॅम्पसही लागतो. आणि पर्किंजेचं ते थांबणं केवळ एलटीडीने, म्हणजे तिच्याकडे येणाऱ्या पॅरलल तंतूंच्या जोडण्या कमजोर झाल्याने घडतं, असं मी म्हणत नाही. 2014 मध्ये योहान्सन आणि हेस्लो यांच्या गटाने दाखवलं की वेळ मोजायची यंत्रणा पर्किंजे पेशीच्या आतच असावी, आणि ते निव्वळ एलटीडीच्या हिशेबात बसत नाही.