कर्ज नको म्हणून जास्त बीटाचे शेअर्स घ्यायचे का?

प्रश्न: मॅडम, माझे 60 टक्के पैसे इंडेक्स फंडात आहेत, 40 टक्के डिपॉझिटमध्ये. अडीअडचणीचे वेगळे ठेवलेत, हे दहा वर्षं लागणार नाहीत. रिटर्न वाढवायचाय पण कर्ज काढायचं नाही, तर इंडेक्स फंड विकून 1.5 बीटाचे शेअर्स घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. बीटा म्हणजे मार्केट 1 टक्का हललं की शेअर साधारण किती टक्के हलतो तो आकडा. कर्ज नको हे अगदी बरोबर आहे, पण तुमच्यासारखाच विचार करणारे खूप जण असतात आणि घोळ तिथेच होतो. ज्यांना मार्केटपेक्षा जास्त हवंय पण उधार घेता येत नाही किंवा घ्यायचं नाही, ते सगळे जास्त बीटाच्या शेअर्सकडे वळतात, मग ते शेअर्स महाग होतात आणि महाग घेतलं की पुढचा रिटर्न कमी. अर्थतज्ज्ञ फिशर ब्लॅकनी 1972 मध्येच हे मांडलं होतं, पुढे 2014 मध्ये फ्राझिनी आणि पेडरसन या संशोधकांनी बऱ्याच देशांच्या मार्केटमध्ये तपासलं. थिअरी सांगते की बीटा जितका जास्त तितका रिटर्न त्याच प्रमाणात जास्त, पण जास्त बीटाला तेवढा मोबदला मिळत नव्हता.

आता तुमचंच गणित करू, आकडे फक्त समजायला धरलेत. डिपॉझिट 4 टक्के, मार्केट 9. मार्केट डिपॉझिटपेक्षा 5 जास्त देतं, त्याचे दीडपट 7.5, म्हणजे थिअरीप्रमाणे 1.5 बीटाला 4 अधिक 7.5 असे 11.5 मिळायला हवेत, पण महाग घेतल्यामुळे समजा 10.5 च मिळाले. तुमच्या प्लॅनमध्ये 60 टक्के तिथे आणि 40 टक्के डिपॉझिटमध्ये, म्हणजे एकूण 7.9 टक्के आणि पूर्ण पोर्टफोलिओचा बीटा 0.9. तोच 0.9 बीटा इंडेक्स फंड 90 टक्के आणि डिपॉझिट 10 टक्के करूनही येतो, आणि रिटर्न 8.5! मार्केट 30 टक्के पडलं तर दोन्हीकडे साधारण 27 टक्क्यांचाच फटका. अहो, डिपॉझिट म्हणजे तुम्ही बँकेला दिलेलं कर्जच आहे, ते आधी कमी करा ना, उधारीची गरजच कुठे आहे तुम्हाला? आणि थिअरी तंतोतंत खरी निघाली तरी तुमच्या प्लॅनलाही 8.5 च येतात, म्हणजे त्यात जास्तीचं काहीच नाही, वर मोजक्या शेअर्सची रिस्क वेगळी.

काही जण उलटं करतात, कमी बीटाचे शेअर्स उधारीवर घेतात. समजा 0.7 बीटाला 8.1 मिळतात. 1.5 बीटा गाठायला 100 चे साधारण 214 गुंतवावे लागतात, म्हणजे 114 उधार. ती उधारी 4 टक्क्यांनी मिळाली तर हातात 12.8 उरतात, पण 9 टक्क्यांनी मिळाली तर 7 च, म्हणजे साध्या इंडेक्स फंडापेक्षाही कमी. मोठ्या फंडांना स्वस्त उधारी मिळते, आपल्याला नाही, म्हणून ते आपल्या कामाचं नाही.

कमी व्होलॅटिलिटीचा, म्हणजे कमी चढउतार होणाऱ्या शेअर्सचा फंड थोडा ठेवायचा असेल तर ठेवा, पण मार्केट जोरात पळतं तेव्हा तो मागे राहतो, कधी कधी लागोपाठ काही वर्षं, आणि तेव्हाच लोक वैतागून विकतात. घ्यायच्या आधी त्याचा पी/ई, म्हणजे शेअर्सची किंमत कमाईच्या किती पट आहे ते, त्याच्याच जुन्या सरासरीशी ताडून बघा, सगळे त्याच्याच मागे लागले असतील तर तोही महाग झालेला असतो.

तुम्ही एकूण पैशांचे 30 टक्के डिपॉझिटमधून एक वर्षात, दर महिन्याला 2.5 टक्के असे इंडेक्स फंडात हलवा, पण 27 टक्क्यांची घसरण बघवणार असेल तरच, नाहीतर इंडेक्स फंड 75 टक्के झाला की थांबा.