ब्राँझ की ब्राँझचा रंग? मूर्तीच्या तळाच्या फोटोवरून काय कळतं

प्रश्न: "आजोबांच्या कपाटात हातात पूजेचं तबक घेतलेल्या बाईची साधारण अकरा इंची मूर्ती सापडली. रंग काळपट तपकिरी, वस्त्राच्या चुण्यांमध्ये हिरवट. घरात सगळे ब्राँझ म्हणतात, मावशी म्हणते दगडाची. तळाचा, पाठीचा आणि एका टवक्याचा फोटो देतोय. प्लास्टर, टेराकोटा, ब्राँझ, दगड, यांपैकी काय असेल?"

उत्तर:

मूर्ती प्लास्टर ऑफ पॅरिसची आहे, वरून ब्राँझचा रंग दिलेला. हे मी मुख्यतः तळाच्या फोटोवरून सांगतोय. दर्शनी बाजूवर रंगारी हवं ते सोंग आणू शकतो, तळाकडे मात्र कुणी फारसं लक्ष देत नाही. त्यामुळे वस्तू ओतली, थापली की कोरली, याच्या खुणा तिथे तशाच राहतात. एकदा ते कळलं की पदार्थ बराचसा कळतोच.

तुमच्या तळाच्या फोटोत डाव्या कडेजवळ एकमेकींना समांतर, किंचित वळलेल्या बारीक रेघा आहेत. प्लास्टरची मूर्ती ओतताना साचा उलटा धरतात, म्हणजे डोकं खाली आणि तळ वर. कालवलेलं प्लास्टर तळाच्या बाजूने ओततात आणि ते आवळायला लागलं की वर आलेलं जास्तीचं प्लास्टर पट्टीने ओढून काढतात. त्या रेघा पट्टीच्या आहेत. त्यांच्या आसपास टाचणीच्या टोकाएवढी गोल भोकं दिसतात, ते वर येऊन फुटलेले हवेचे बुडबुडे.

दुसरी खूण तपकिरी रंगाची. तो कडेवरून आत ओघळलाय आणि ओघळाचं टोक जाड, गोलसर होऊन थांबलंय. खऱ्या ब्राँझचा तपकिरी रंग बहुधा रसायन आणि उष्णता देऊन धातूच्या पृष्ठभागावरच आणलेला असतो. त्याला अशी जाडी नसते. तिसरी खूण मला सगळ्यात बोलकी वाटते: तळाच्या मधोमध असलेला गंजाचा डाग. प्लास्टर ठिसूळ असल्यामुळे घोटे, मनगट अशा बारीक जागी मोडू नये म्हणून आत लोखंडी तार किंवा सळई घालतात. तिचं टोक तळापर्यंत आलं की दमट हवेत गंजतं आणि डाग बाहेर फुटतो.

आता पाठीचा फोटो मोठा करून बघा. अंबाड्याच्या खालच्या बाजूला आणि कोपराच्या खाली बारीक छिद्रं आहेत, पण खांद्यावर किंवा डोक्यावर एकही नाही. याचं कारण तो उलटा साचाच. त्यात अडकलेली हवा वर, म्हणजे तळाच्या दिशेने जाते. मूर्ती सरळ उभी केल्यावर जे भाग खाली तोंड करून असतात, म्हणजे हनुवटीखालचा, काखेतला, पदराच्या काठाखालचा, तिथे ती साच्याला चिकटून अडते. छिद्रं अशा जागीच जमलेली दिसली तर वस्तू ओतीव आहे हे जवळपास नक्की. मात्र रेझिनच्या मूर्तीतही हेच होतं, तेव्हा एवढ्यावरून प्लास्टर ठरत नाही.

ते ठरतं टवक्यावरून. तुमच्या टवक्यात आतला भाग पांढराशुभ्र, निस्तेज आणि एकजीव आहे. कण नाहीत, चमक नाही. पांढऱ्या आणि तपकिरीच्या मध्ये मधाच्या रंगाची एक पातळ रेघ दिसते, तिच्याकडे विशेष लक्ष द्या. प्लास्टर रंग शोषून घेतं, म्हणून आधी स्पिरिटमध्ये विरघळवलेली लाख फिरवून ते बंद करतात. मग तपकिरी थर, आणि नाक, गुडघा, तबकाची कड अशा उंच जागी ब्राँझची पावडर घासतात. चुण्यांमधला हिरवा शेवटी येतो: पातळ हिरवा रंग सगळीकडे लावायचा आणि ओला असतानाच वरवर पुसून घ्यायचा. म्हणूनच तुमच्या मूर्तीत तो प्रत्येक चुणीत सारखाच आहे, अगदी तबकाच्या खाली, जिथे कधी पाणी साचणार नाही, तिथेही. पण नुसत्या हिरव्यावरून निकाल देऊ नका. खऱ्या ब्राँझवरही मूर्तिकार रसायनाने मुद्दाम हिरवा आणतात.

ब्राँझ असतं तर काय दिसलं असतं? या आकाराची, शिल्पकाराच्या स्टुडिओतून आलेली ब्राँझ मूर्ती बहुतेक पोकळ असते. तळ उघडा असेल तर चार-पाच मिलिमीटर जाडीची धातूची भिंत दिसते, आत गाभ्याची भाजलेली माती कोपऱ्यांत चिकटून राहिलेली असते, रस ओतायच्या वाटांची कापलेली बुंधं असतात आणि कडेवर कानशीचे ओरखडे. दक्षिणेतल्या पारंपरिक देवमूर्ती मात्र घन ओततात, तिथे पोकळी शोधत बसू नये. दोन्हींत एक गोष्ट सारखी: सतत हात लागणाऱ्या जागा झिजून आतली पिवळसर, ऊबदार धातू दिसते. तुमच्या मूर्तीचं नाक झिजून मलईच्या रंगाचं झालंय. झीज राखाडी-चंदेरी निघाली असती तर मी जस्ताच्या मिश्रधातूचं नाव घेतलं असतं. युरोपात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात ब्राँझच्या रंगाच्या अशा स्वस्त शोभेच्या मूर्ती भरपूर निघाल्या. आणि पितळ की ब्राँझ हा वाद फोटोवर सोडवता येत नाही, तिथे धातूची तपासणीच लागते.

टेराकोटाबद्दल थोडं सविस्तर, कारण प्लास्टरशी खरी गफलत तिथे होते. जाड, भरीव माती भट्टीत तडकते, म्हणून अकरा इंची भाजलेली मूर्ती सहसा आतून पोकळ करतात. तळातून आत बघितलं तर माती दाबताना उमटलेले बोटांचे ठसे दिसतात, आणि तळ बंद असेल तर वाफ जायला कुठेतरी भोक ठेवलेलं असतं. टवका विटकरी किंवा बदामी असतो, त्यात वाळूचे कण दिसतात, आणि भाजणी पुरती झाली नसेल तर मधोमध राखाडी-काळा पट्टा असतो. हा पट्टा दिसला की प्लास्टरचा विषय संपला.

गोंधळ होतो तो पांढऱ्या टवक्याने. रंगवलेल्या टेराकोटावर अनेकदा आधी पांढरा हात मारलेला असतो. वरचा रंग उडाला की आतून पांढरं दिसतं आणि लोक प्लास्टर म्हणून मोकळे होतात. तेव्हा पांढऱ्याची जाडी बघायची: कागदाएवढा पापुद्रा असून खाली लाल लागतंय, की टवक्याच्या तळापर्यंत पांढरंच आहे? तुमच्याकडे टवका तांदळाच्या दाण्याएवढा खोल आहे आणि शेवटपर्यंत पांढरा आहे. तरीही एक अपवाद आपल्याच भागातला आहे. धाराशिव जिल्ह्यातल्या तेर इथे सातवाहन काळातल्या ज्या मृण्मूर्ती मिळाल्या, त्यांतल्या बऱ्याच केओलिन या पांढरट मातीच्या आहेत, दोन साच्यांत दाबून जोडलेल्या आणि आतून पोकळ. तेव्हा 'पांढरं म्हणजे टेराकोटा नाही' हा नियम करू नका. तुमच्या बाबतीत भरीव तळ, पट्टीच्या रेघा आणि गंज मिळून ती शक्यता उरत नाही.

मावशींचा दगड. दगडाची मूर्ती कोरून काढलेली असते, तिला साच्याची शिवण नसते. तुमच्या मूर्तीच्या डाव्या बरगडीवरून खाली जाणारी, घासूनही पुरती न गेलेली उभी रेघ ही शिवणच आहे. दगडाच्या तळावर छिन्नीचे टोचे किंवा करवतीचे ओरखडे असतात. संगमरवराचा टवका साखरेसारखा चमकतो. शिवाय दगड कोरणारा असं तबक शरीरापासून सुटं, बारीक मनगटावर तोलून धरायचं धाडस क्वचितच करतो, कुठेतरी आधार ठेवतो. मात्र आपल्या दख्खनच्या काळ्या दगडात मुळातच पोकळ्या असतात. लाव्हा थिजताना वायू अडकून झालेली ती छिद्रं बघून ओतीव वस्तू समजणारे भेटतात. ती लहानमोठी, कधी लांबट असतात, मूर्तीच्या सगळ्या अंगांवर येतात आणि कित्येकदा पांढऱ्या खनिजाने भरलेली असतात. खाली तोंड केलेल्या भागांतच जमत नाहीत.

फोटोने समाधान होत नसेल तर दोन चाचण्या घरी करा, पण तळाच्या मधोमध, जिथे रंग नाही तिथेच. पाण्याचा एक थेंब टाका. प्लास्टर तो लगेच पितं, भाजलेली मातीही पिते. मग थेंबापासून लांब, कोरड्या जागी नख ओढा. प्लास्टरवर ओरखडा पडून पांढरी भुकटी निघते, नीट भाजलेल्या मातीवर नख चालत नाही. गोरारा नावाच्या मऊ दगडावर नख उमटतं, पण तो पाणी पीत नाही. लोहचुंबक इथे फसवेल, कारण आतल्या सळईमुळे तो प्लास्टरलाही चिकटू शकतो. वजनाचाही भरवसा नको. पोकळ ब्राँझ हातात घेतल्यावर वाटतं तेवढं जड असतंच असं नाही.

घरातल्यांना आत्ताच सांगून ठेवा की ब्राँझ समजून चिंच किंवा लिंबू लावून कुणी ती घासू नये, ओलं फडकंही नको. मऊ, कोरडा ब्रश पुरे. उचलताना तळाला धरा. उजव्या घोट्याजवळ केसाएवढी चीर आणि तिच्या कडेला तपकिरी छटा दिसते. सळई गंजून फुगायला लागली की प्लास्टर असंच फुटतं. तेव्हा ती दमट भिंतीजवळ ठेवू नका.

प्लास्टर म्हटल्यावर टाकून मात्र देऊ नका. शिल्पकार गणपतराव म्हात्रे यांची १८९६ मधली 'मंदिरपथगामिनी' प्लास्टरमध्येच घडलेली आहे, आणि तुमच्या मूर्तीचा विषयही त्याच वळणाचा आहे. ती त्यांची आहे असं मी अजिबात म्हणत नाही, पूजेला निघालेली स्त्री पुढे कित्येकांनी केली. पण पाठीच्या फोटोत बैठकीच्या वर, उजव्या कोपऱ्यात रंगाखाली अक्षरांसारखं काहीतरी आहे. खोलीतला दिवा बंद करा, टॉर्च बैठकीच्या पातळीवर अगदी कडेने धरा, शेजारी साधा पांढरा कागद ठेवा आणि फ्लॅश न वापरता तेवढ्याच जागेचा फोटो काढा. अक्षरांच्या कडा मऊ, किंचित उचललेल्या असतील तर ती मूळ ओल्या मातीत काढून साच्यातून आली आहेत. कडा तीक्ष्ण आणि रंग तुटलेला असेल तर नंतर कुणीतरी खरवडली आहेत. तो फोटो टाका, मग पुढचं बोलू.