जोडाजोडीचा खेळ: अर्धं कोडं माझं, अर्धं तुझं

प्रश्न: घरच्या सगळ्यांसाठी मराठीत यमक जुळवायचा आणि कोड्यांचा एक खेळ बनवायचाय, एकाने ओळ म्हणायची आणि दुसऱ्याने पूर्ण करायची असा. नियम कसे ठेवू? लहान मुलं आणि आजी-आजोबा दोघंही असणारेत.

नुसतं "यमक जुळवा" ठेवलंत तर तो भेंड्यांसारखा पाठांतराचा खेळ होतो, आणि ज्यांना उखाणे तोंडपाठ आहेत तेच जिंकत राहतात. म्हणून यमक आणि कोडं एकत्र बांधा. पहिल्याला चिठ्ठीत एक वस्तू मिळते, तिच्यावर त्याने कोड्याची पहिली ओळ म्हणायची. शेजारच्याने चिठ्ठी बघायची नाही, मनात उत्तर ओळखायचं आणि ते न बोलता दुसरी ओळ जोडायची. दुसरी ओळ त्या वस्तूला बसली की त्याला उत्तर कळलं हे आपोआप सिद्ध होतं, आणि मग बाकीच्यांनी ओळखायचं.

समजा चिठ्ठीत छत्री आली.

काळा झगा, एक पाय
ती भिजे, आपण नाय

इथे दुसऱ्या ओळीने नवीन खूण दिली, म्हणून हे कोडं झालं. पण खरं सांगू का, पहिल्या फेरीत निम्मे लोक "ओळखा पाहू हे काय" अशी ओळ मारतात. यमक जुळतं, मापात बसतं आणि सांगत काहीच नाही. जुन्या कोड्यांत असा शेवट चालतो पण इथे उत्तर न ओळखताच सुटायची ती पळवाट होते, म्हणून दुसऱ्या ओळीत वस्तूबद्दल एक तरी नवी गोष्ट हवी हा नियम आधीच सांगून टाका.

माप म्हणाल तर ओळीला आठ अक्षरं, आपली अष्टाक्षरीच. लघु-गुरू काही बघायचं नाही, जोडाक्षर एकच धरायचं. बोलताना "पाय" एका झटक्यात जातं पण अक्षरं दोन, त्यामुळे मुलांचा घोळ होतो. त्यांना चार-चार अक्षरांवर थांबून म्हणायला लावा, का-ळा-झ-गा, ए-क-पा-य. एखादं अक्षर कमीजास्त झालं तर सोडून द्या, तालात म्हणता आलं म्हणजे झालं.

आता खरी गंमत, म्हणजे भांडणाची जागा. चिठ्ठीत खाट आहे आणि पहिला म्हणाला "चार पाय, चाले नाही". दुसऱ्याच्या डोक्यात खुर्ची आली, त्याने जोडलं "बसून घ्या, बोला काही". आता दोन्ही ओळी खुर्चीला चपखल बसतात, चूक कोणाची? माझ्या मते पहिल्याची, त्याची ओळ कुठल्याही फर्निचरला चालली असती. अशा वेळी उत्तर खुर्चीच धरायचं आणि गुण दुसऱ्याला, पहिल्याला शून्य. हा नियम ठेवलात की पहिली ओळ म्हणणारे आपोआप विचार करायला लागतात. मग खाटेवर असं येतं:

चार पाय, रात्री काम
दिवसा मात्र आराम

यावर कोणीतरी "राखणीचा कुत्रा" ओरडणारच, आणि द्या त्याला गुण, बसतंय की.

दुसरा धोका म्हणजे मुद्दाम अडवणारे. ओळीचा शेवट "औषध"वर केला की पुढचा बसला डोकं खाजवत. त्यावर उपाय सोपा आहे, अडकलेल्याने "तूच कर" म्हणायचं. पहिल्याला स्वतःची ओळ पूर्ण करता आली तर गुण त्याचा, नाही आली तर त्याचाच एक गुण कापायचा. मग लोक निमूटपणे पाणी, फूल, काम, रान असल्या शब्दांवर ओळ संपवतात, ज्यांना गाणी-राणी, मूल-चूल, घाम-दाम, पान-कान असं भरपूर सापडतं.

यमकात फसवणूक बहुतेक प्रत्ययाने होते. "घरात" आणि "फुलात" जुळल्यासारखे वाटतात, पण जुळतो तो फक्त "आत". ओळखायचं कसं, तर प्रत्यय काढून बघायचा. घर-फूल जुळत नाही म्हणून अर्धा गुण, "रानात-पानात"मध्ये रान-पान उरतं म्हणून पूर्ण. येतो-जातो तसंच, अर्धा. अगदी लहान मुलांना मात्र ही सूट पूर्ण गुणांची द्या, नाहीतर रुसून उठतील.

बसवताना वयाप्रमाणे आलटून-पालटून बसवा, आजीच्या शेजारी नातू वगैरे, आणि दर फेरीनंतर दिशा उलटी करा म्हणजे नातवालाही आजीला अडकवायचा चान्स मिळतो. ओळ जोडायला एक मिनिट पुरे, मोबाईलवर टायमर लावा. चिठ्ठ्यांत हाताळता येणाऱ्या वस्तूच घाला, कात्री, कुलूप, चाळणी, जिना, आरसा अशा, ज्यांच्यात काहीतरी उलटसुलट असतं (दोन पाती पण एकच काम, भोकं असून उपयोगाची). आनंद, वेळ, मैत्री हे शब्द अजिबात नको, त्यांच्यावर सगळे सुविचार म्हणायला लागतात आणि ओळखायला काही उरत नाही.