क्लायंटच्या व्हिडिओत मागे एक नको असलेली वस्तू आली आहे. ती पूर्ण काढता येणार नाही, हे त्याला मेसेजमध्ये कसं सांगावं?

‘टेक्निकल अडचण आहे’ असं तेवढं लिहू नका. हे वाचून क्लायंटला एकच कळतं, की गडी काम टाळतोय.

मी कोल्हापुरात एडिटिंग करतो. लग्नं, शोरूमच्या जाहिराती, आणि सीझनमध्ये गुऱ्हाळं. करवीर तालुक्यातल्या एका गुऱ्हाळमालकांची सेंद्रिय गुळाची फिल्म होती, दीड मिनिटाची. त्यातला मुख्य शॉट म्हणजे काहील उतरवून शिजलेला रस गूळ थंड करायच्या वाफ्यात ओततात तो. सहा सेकंद, गिंबलवर, डावीकडून उजवीकडे सरकणारा. आणि त्याच्या बरोबर मागे भिंतीला टेकून निळं प्लॅस्टिकचं पिंप. आत साधं पाणी होतं, पण निळं पिंप बघितलं की लोकांच्या डोक्यात केमिकलच येतं. फिल्मभर भेंडीच्या रसानं मळी काढतोय म्हणून सांगायचं आणि मागे हे! मालक चिडले ते बरोबरच होतं.

आता माझं खरं दुखणं. त्या क्लिपच्या मूळ आवाजात एक कामगार विचारतोय, ‘पिंप हलवू का?’ आणि आमचे कॅमेरामन म्हणतायत, ‘ऱ्हाऊ दे, एडिटला काढतील की.’ हे वाक्य ज्यानं पहिल्यांदा उच्चारलं त्याला एकदा माझ्या खुर्चीत बसवायला पाहिजे.

पिंप का निघत नाही ते सांगतो. कॅमेरा स्टँडवर स्थिर असता आणि पिंपापुढून काही जात नसतं, तर बाजूच्या भिंतीचा तुकडा उचलून पिंपावर बसवला असता आणि चहाच्या आत काम संपलं असतं. इथे पिंपापुढून सतत वाफ जात होती. वाफेतून दिसणाऱ्या प्रत्येक पिक्सेलमध्ये थोडी वाफ आणि थोडं पिंप मिसळलेलं असतं. पिंप पुसलं की त्याच्यावरची वाफही पुसली जाते, मग तिथे नवी वाफ घालावी लागते, आणि ती शेजारच्या खऱ्या वाफेच्या वेगानं, त्याच दिशेनं गेली पाहिजे. शिवाय फावडं घेतलेला गुळव्या मध्येच पुढून आडवा जातो. त्याच्या कडा फ्रेम-फ्रेमला हातानं कापायच्या, आणि सहा सेकंद म्हणजे १५० फ्रेम. त्यात फुटेज ८ बिट, ४:२:० मधलं. म्हणजे रंगाची माहिती चार पिक्सेलना मिळून एकच. निळ्या रंगाची कड गुळव्याच्या दंडावर सांडलेली असते, ती स्वच्छ कापली जात नाही.

मालकांच्या मुलानं मात्र फोनवर एक फ्रेम घेऊन, फोटोच्या ॲपमध्ये पिंप पुसून पाठवलं. ‘हे बघा, दोन मिनिटांत झालं.’ झालंच होतं. स्थिर फोटोत भिंत अंदाजानं भरली तरी कुणाला कळत नाही. व्हिडिओत प्रत्येक फ्रेमचा अंदाज थोडा वेगळा निघतो आणि मागची भिंत रश्श्यासारखी खदखदायला लागते. म्हणून मेसेजसोबत फोटो कधीच पाठवू नका. फसलेल्या प्रयत्नाची हलती क्लिप पाठवा, दोन-तीन सेकंदांची पुरते. क्लायंटला एकदा ती भिंत हलताना दिसली की पुढचं समजवावं लागत नाही.

मी मालकांना पाठवलेला मेसेज साधारण असा होता:

‘आण्णा, नमस्कार. काहील उतरवतानाच्या शॉटमधलं निळं पिंप पूर्ण काढून बघितलं. क्लिप सोबत जोडली आहे, फोन आडवा धरून बघा. पिंपाच्या पुढून वाफ जाते, त्यामुळे पिंप पुसलं की तेवढ्या जागेची वाफही जाते आणि तिथे ठिगळ दिसतं. तुमच्या मुलानं पाठवलेला फोटो चांगला आहे, पण चालू व्हिडिओत ते ठिगळ हलतं. आपल्या बजेटमध्ये हे याहून स्वच्छ होणार नाही.

तीन गोष्टी करता येतील. एक, पिंपाचा निळा रंग काढून ते भिंतीच्या रंगात मिसळतो. पिंप जागेवरच राहील, पण तिकडे नजर जाणार नाही आणि केमिकलची शंका येणार नाही. दोन, चित्र मोठं करून पिंप चौकटीबाहेर ढकलतो, पण मग चुलवाणाचा जाळही कापला जाईल. तीन, शॉट अडीच सेकंदांवर कापून लगेच वाफ्यात पडणाऱ्या गुळाचा जवळचा शॉट लावतो. माझ्या मते पहिली आणि तिसरी मिळून करू. त्याचे वेगळे पैसे नाहीत. पुन्हा शूट करायचं तर गुऱ्हाळ सुरू असेपर्यंतच जमेल, त्याचा खर्च वेगळा. उद्या संध्याकाळपर्यंत कळवा.’

उत्तर आलं, ‘रंग काढून दाखवा.’ एवढंच.

रंग काढणं वाफेतूनही चालतं, याचं कारण सोपं आहे. वाफ मुळातच पांढरी-करडी, तिच्यात रंग नाही. म्हणून निळ्याची तीव्रता खाली आणली की फक्त पिंपाचा हिस्सा बदलतो, वाफ तशीच राहते. रिझॉल्व्हमध्ये क्वालिफायरनं निळा पकडला, पिंपाभोवती विंडो काढून ट्रॅक केली, सॅच्युरेशन जवळजवळ शून्यावर नेलं, ब्राइटनेस भिंतीइतका उतरवला आणि थोडी मातकट छटा दिली. एकच भानगड झाली. गुळव्याचा शर्टही निळा होता, त्यामुळे तो विंडोत शिरला की त्याचाही रंग उडायचा. तेवढ्याच फ्रेममध्ये त्याला हातानं कापून बाहेर ठेवला. तो दंडावर सांडलेला निळाही रंगासोबतच गेला.

मालकांचं भांडण पिंपाशी नव्हतंच, निळ्या रंगाशी होतं. तुम्हीही आधी क्लायंटला विचारा की नेमकं काय खुपतंय. रंग, त्यावरचं दुसऱ्या ब्रँडचं नाव, की हलणारी वस्तू? नाव खुपत असेल तर तेवढंच पुसट करता येतं. चालू पंखा किंवा लुकलुकणारी लाइट असेल तर मात्र रंग काढून भागत नाही, तिथे क्रॉप किंवा कट हेच खरे उपाय. फिल्म इन्स्टाग्रामसाठी उभी जाणार असेल तर आधी क्रॉपच बघा. फोर-के फुटेजमधून १२१५ बाय २१६० ची उभी पट्टी निघते आणि लागते १०८० बाय १९२०. बाजूची वस्तू आपोआप बाहेर जाते, क्वालिटीही टिकते. माझ्या शॉटमध्ये क्रॉप केला की चुलवाणाचा जाळही जात होता, म्हणून ते जमलं नाही.

आणि हो, मेसेजमध्ये ‘अशक्य’ लिहू नका. आमचे कॅमेरामन अजूनही चहावर वाद घालतात, की मुंबईच्या एखाद्या मोठ्या स्टुडिओनं पिंप काढून दिलं असतं. दिलंच असतं. भिंत रंगवून, वाफ कॉम्प्युटरवर तयार करून, माणसं बसवून. आमच्या अख्ख्या फिल्मचं बजेट त्या एका शॉटला पुरलं नसतं. पिंप हलवायला दोन माणसं लागत होती आणि दोघंही तिथेच उभे होते, हे मी त्यांना मूळ आवाज लावून दाखवलंय. त्यांचं म्हणणं, आवाज नीट ऐकू येत नाही.