ट्रस्टमधल्या पैशांबद्दल नातवंडांना काय लिहावं?

प्रश्न : मी निवृत्त आहे, वय ७३. तीन नातवंडांसाठी खासगी ट्रस्ट करून त्यात बचत ठेवली आहे. पैसे त्यांना पंचविसाव्या वर्षी मिळतील. माझ्यामागे गैरसमज नकोत म्हणून पत्र लिहून ठेवायचं आहे. पण 'आजोबांचा आमच्यावर विश्वास नव्हता' असं त्यांना वाटलं तर? आणि रक्कम सांगावी का?

काका, पत्र जरूर लिहा, आणि तुम्ही हयात असतानाच ते मुलांना वाचायला द्या. साताऱ्याच्या एका आजोबांनी माझ्यासमोर बसून असंच पत्र लिहिलं होतं. त्यांना आपण तात्या म्हणू. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत.

तात्यांनी निवृत्तीची रक्कम आणि एक प्लॉट विकून आलेले पैसे मिळून ३६ लाख ट्रस्टमध्ये ठेवले होते. लाभार्थी तिघं: मुलीची १९ वर्षांची लेक आणि मुलाचे दोन मुलगे, १५ आणि ९ वर्षांचे. ट्रस्टी दोघं: मुलगी आणि तात्यांचे बँकेतले जुने सहकारी. मुलाला ट्रस्टी केलेलं नव्हतं. माझ्याकडे ते आले ते पत्राचा पहिला खर्डा घेऊन.

त्या खर्ड्यात दोन वाक्यं अशी होती की तात्यांच्या पश्चात ती वाचली गेली असती तर घर दुभंगलं असतं. एक : 'तुमच्या बाबाच्या हातात पैसा टिकत नाही, म्हणून ही व्यवस्था केली.' दुसरं : 'नातीच्या लग्नाला आणि नातवांच्या शिक्षणाला हे पैसे वापरावेत.' वकिलांनी केलेल्या ट्रस्ट डीडमध्ये मात्र तिघांनाही समान हिस्सा होता आणि शिक्षण, आजारपण, घर ही कारणं तिघांनाही सारखीच लागू होती. पत्र आणि डीड दोन वेगळ्या गोष्टी सांगत होते. कायद्याच्या दृष्टीने चालतं ते डीड. पत्र फक्त आजोबांचं मन सांगतं. पण नात एकोणीस वर्षांची, शिकणारी मुलगी. तिने डीड कदाचित उघडलंही नसतं, पत्र मात्र नक्की वाचलं असतं. आणि ट्रस्टी असलेल्या तिच्या आईला आजोबांच्या शेवटच्या शब्दांचा मान ठेवायचा म्हणून तिच्या एम.एस्सी.च्या फीला नाही म्हणावं लागलं असतं. तात्यांच्या मनात तसं काहीच नव्हतं, जुन्या सवयीने हात लिहून गेला होता. तेव्हा पत्राचं प्रत्येक वाक्य डीड शेजारी ठेवून वाचा, आणि जिथे नवी अट डोकावेल तिथे ते वाक्य काढून टाका.

मुलाबद्दलच्या वाक्यावर जास्त वेळ गेला. मी सुचवलं की मुलालाच बोलवा. तात्यांना ते अवघड वाटलं, पण त्यांनी बोलावलं. मुलाचा छोटा व्यवसाय होता, उधारी होती, दोन ठिकाणी तो जामीन राहिलेला होता. बापाचं मत त्याला आधीच ठाऊक होतं. बोचत होतं ते इतकंच की ते आपल्या पोरांना लिहून कळवलं जाणार. बोलता बोलता तोच म्हणाला, "तात्या, असं लिहा की बाबाचा धंदा चढ-उताराचा आहे, कधी देणेकरी दारात आले तर पोरांचे पैसे त्यात ओढले जाऊ नयेत." हेच खरं कारण होतं आणि ते सांगताना कुणाचा अपमानही होत नव्हता. पत्रात ते वाक्य जवळजवळ त्याच शब्दांत आलं.

आता रकमेचं. तात्या प्रत्येकाला '१२ लाख' लिहिणार होते. मी त्यांना सोबत बसून हिशोब करायला लावला. प्रत्येकाच्या नावाने १२ लाख वेगळे ठेवले, दरसाल ७ टक्के वाढ धरली आणि कर व खर्च बाजूला ठेवले, तर थोरलीला पंचविशीत, म्हणजे ६ वर्षांनी, साधारण १८ लाख मिळतील. मधल्याला १० वर्षांनी साडेतेवीस लाख, धाकट्याला १६ वर्षांनी ३५ लाखांच्या वर. कागदावर धाकट्याला थोरलीच्या जवळजवळ दुप्पट! पण महागाई ६ टक्के धरली तर आजच्या पैशांत या रकमा अनुक्रमे पावणेतेरा, सव्वातेरा आणि चौदा लाखांच्या आसपास येतात. हे दर नुसते धरलेले आहेत, उद्याचं कुणी सांगू शकत नाही. पण आजोबांनी हा तक्ता आज दाखवला नाही, तर सोळा वर्षांनी थोरली 'त्याला इतके कसे?' असं विचारणार, आणि तेव्हा उत्तर द्यायला आजोबा नसणार.

म्हणून तात्यांनी पत्रात अंतिम रकमेचं आश्वासन दिलं नाही. त्यांनी लिहिलं, 'आज प्रत्येकाच्या नावाने १२ लाख ठेवले आहेत. हाती येईल तेव्हा ते कमी-जास्त दिसतील, कारण तुमची पंचविशी वेगवेगळ्या वर्षी येणार आहे. वाटा मात्र सारखाच आहे.' एक बाब वकिलांकडून नक्की करून घ्या : तिन्ही हिस्से ट्रस्टमध्ये वेगळे ठेवले आहेत की एकत्र? एकत्र असतील आणि आधी एकाच्या फीसाठी चार लाख काढले गेले, तर ते कुणाच्या हिश्शातून गेले हा वाद अटळ आहे. हिस्से ठरलेले असले तर कराचाही विचार वेगळा होतो. ट्रस्टींच्या मर्जीवर वाटप सोपवलेलं असेल तर बहुतेक वेळा सर्वात वरच्या दराने कर लागतो.

पंचविशीचं कारण तात्यांनी स्वतःच्या आयुष्यातून सांगितलं. एकविसाव्या वर्षी नोकरी लागली, पहिली चार वर्षं पगार कुठे गेला कळलं नाही, शहाणपण त्यानंतर आलं. 'तुमच्यावर अविश्वास नाही, त्या वयावर आहे,' असं त्यांनी लिहिलं. मला ते वाक्य फार आवडलं. 'कुठल्याही परिस्थितीत आधी मिळणार नाही' हे मात्र मी काढायला लावलं. १८८२ च्या भारतीय न्यास कायद्याचं कलम ५६ सांगतं की सगळे लाभार्थी सज्ञान असतील आणि त्यांचं एकमत असेल, तर ते ट्रस्टींकडे मालमत्ता सोपवण्याची मागणी करू शकतात. जे कायद्याने ठाम नाही ते पत्रात ठाम लिहू नये. तुमच्या डीडमध्ये पंचविशीची अट कशी मांडली आहे, तेही वकिलांना याच संदर्भात विचारा.

शेवटचा परिच्छेद बहुतेक आजोबा लिहीत नाहीत, आणि मी तो आग्रहाने मागते : हिशोब कुणाकडे मागायचा. त्याच कायद्यानुसार हिशोब ठेवणं आणि मागितल्यावर माहिती देणं हे ट्रस्टीचं कर्तव्य आहे, आणि लाभार्थीला डीड व हिशोब पाहून त्याच्या नकला घेता येतात. पण आपल्याकडे आत्याला हिशोब विचारणं म्हणजे उद्धटपणा! तात्यांनी लिहिलं, 'दर वर्षी दिवाळीत आत्या आणि काका तुम्हाला एक पानाचा हिशोब देतील. दिला नाही तर मागा. मी तसं त्यांना सांगून ठेवलं आहे.'

नातीने पत्र वाचून एकच प्रश्न विचारला : दोन्ही ट्रस्टींपैकी कुणी राहिलं नाही, किंवा त्यांचं पटलं नाही तर? डीडमध्ये नवा ट्रस्टी कसा नेमायचा हे होतं, पण पत्रात नव्हतं. तात्यांनी खाली दोन ओळी जोडल्या, डीडची नक्कल कुठे ठेवली आहे ते लिहिलं, तारीख घातली आणि तिघांना एकेक प्रत दिली. धाकट्याची प्रत सध्या त्याच्या आईकडे आहे.